आकारातली कविता आणि गद्यकविता वाचायची कशी: रूप मोडून बघायची पद्धत

काही कविता अशा असतात की त्या फोनवर कुणाला वाचून दाखवल्या तर अर्धा अर्थ कागदावरच राहतो. ओळी हळूहळू लहान होत जातात, मध्येच एक मोठी पांढरी जागा येते, किंवा सगळी कविता एका सलग परिच्छेदात भरलेली असते आणि तरी खाली ‘कविता’ असं लिहिलेलं असतं. अशी कविता समोर आली की बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एक तर आकाराकडे "वा, छान दिसतंय" म्हणून बघायचं आणि मग नेहमीसारखं शब्दांकडे वळायचं, किंवा मग आकारातच सगळं रहस्य दडलंय असं समजून काहीही अर्थ चिकटवायचा, म्हणजे मजकूर चौकोनी आहे ना, मग तो तुरुंग, विषय संपला. या दोन्हींत आकार वाचला जातच नाही, तो फक्त बघितला जातो.

मी जी पद्धत वापरतो ती एका वाक्यात सांगायची तर कवितेचं रूप मुद्दाम मोडायचं आणि मोडल्यावर नक्की काय गेलं ते बघायचं. जे गेलं तेवढंच रूपाने आणलेलं होतं. बाकीचं शब्दांचं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच कामासाठी आहेत, आणि एक गद्यकविता घेऊन आपण ते शेवटपर्यंत करून बघू.

सगळ्यात आधी: तुमच्यासमोर आहे ती कविता खरंच तशी छापलेली आहे का

हे कंटाळवाणं वाटतं पण इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. कविता कॉपी-पेस्ट केली की सलग दिलेल्या मोकळ्या स्पेस बऱ्याचदा आपोआप एक होतात, त्यामुळे पानाच्या मधोमध असलेला शब्द डावीकडे येऊन चिकटतो आणि कवीने ठेवलेली पाच शब्दांएवढी रिकामी जागा गायब होते, आणि गंमत म्हणजे काही गेलंय हे कळतही नाही. फोनची स्क्रीन अरुंद असली तर लांब ओळ मोडून दोन ओळी होतात आणि आपण त्या मोडीत अर्थ शोधत बसतो.

ओळखायची सोपी युक्ती म्हणजे फोन आडवा करायचा. आडवा केल्यावर ओळी जिथे तुटत होत्या ती जागा बदलली तर ती तूट कवीची नाही, स्क्रीनची आहे. नाही बदलली तर ती बहुतेक मुद्दाम ठेवलेली आहे. शक्य असेल तर छापील पान किंवा पानाचा फोटो, स्कॅन केलेली पीडीएफ वगैरे मिळवा आणि त्यावरूनच वाचा.

गद्यकवितेत हे अजून महत्त्वाचं आहे. गद्यकविता म्हणजे जी ओळी न तोडता परिच्छेदासारखी लिहिलेली असते, त्यामुळे उजवीकडच्या कडेला ओळ कुठल्या शब्दावर संपते हे कवी ठरवत नाही, पानाची रुंदी ठरवते. पुस्तक वेगळ्या साइझमध्ये छापलं की ती सगळी कड बदलते. म्हणून गद्यकवितेत "बघा, ओळ नेमकी ‘एकटा’ या शब्दावर संपते" असं कुणी म्हणालं तर आधी दुसरी एडिशन उघडून बघायची, तिथे ‘एकटा’ ओळीच्या मध्ये असेल तर तो मुद्दा तिथेच संपला.

देवनागरीत एक वेगळीच गोष्ट लक्षात ठेवावी लागते. फ्रेंच कवी गिओम अपोलिनेर याची पावसावरची एक कविता त्याच्या 1918 च्या संग्रहात आहे, तिच्यात अक्षरं एकाखाली एक तिरक्या पाच धारांसारखी उतरत जातात. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटं होतं त्यामुळे धार बारीक पडते. मराठीत ‘पाऊस’ खाली खाली लिहायचं तर पा, ऊ, स असे तीनच थेंब पडतात, कारण काना प-पासून सुटत नाही, आणि वरची शिरोरेषा तुटून तिचे तुकडे होतात. म्हणजे आपल्याकडे शब्द किती तुकड्यांत मोडायचा हे बरंचसं लिपी ठरवते, ते कवीच्या खात्यावर टाकायचं नाही. पण एखाद्याने ‘स्पर्श’ हा शब्द जोडाक्षर फोडून, पाय मोडून, स् प र् श असा लिहिला असेल तर तिथे थांबायचं, कारण तसं कुणी सहज लिहीत नाही. आणि नुसतीच मात्रा ठिपक्यांच्या गोलावर बसलेली दिसली तर तो फॉन्टचा किंवा टायपिंगचा लोचा समजायचा आणि दुसरीकडे ती कविता कशी आहे ते बघायचं.

न वाचता बघा, आणि जे दिसतं ते साध्या शब्दांत लिहा

आता पान हातभर लांब धरा, डोळे थोडे बारीक करा म्हणजे शब्द वाचता येणार नाहीत, आणि काय दिसतं ते एक-दोन वाक्यांत लिहून काढा. इथे अर्थ लिहायचा नाही. ‘पंख’, ‘तुरुंग’, ‘जखम’ असले शब्द आत्ता नकोत. फक्त "ओळी लांबून आखूड होत जातात, मधल्या दोन सगळ्यात आखूड, मग परत लांब" किंवा "एकच सलग ठोकळा, परिच्छेद नाही, साधारण निम्म्याच्या पुढे एक भोक". एवढंच.

हे वेगळं का करायचं तर एकदा शब्द वाचले की डोळ्याला आकार दिसेनासा होतो, त्याला विषय दिसायला लागतो. आणि आकाराला घाईने नाव दिलं की ते नावच वाचलं जातं. लांब-आखूड-लांब या आकाराला पंख म्हणता येतं, वाळूचं घड्याळ म्हणता येतं, डमरू म्हणता येतं. नाव नंतर द्या, कविता काय म्हणते ते कळल्यावर.

या टिपणात तीन जागा खास नोंदवून ठेवा: सगळ्यात अरुंद जागा कुठे आहे, सगळ्यात मोठी पांढरी जागा कुठे आहे, आणि नेहमीची शिस्त मोडते ती जागा कुठे आहे. पुढे शब्द वाचताना या तीन ठिकाणी नेमके कुठले शब्द बसलेत हे तपासायचंय.

वाचायची दिशा ठरवा

बहुतेक कविता वरून खाली, डावीकडून उजवीकडेच वाचायच्या असतात, आकार कसाही असो. पण दोन-तीन वाटा दिसत असतील तर सगळ्या वाटांनी वाचून बघा आणि कुठली वाट व्याकरणाने जुळते ते पाहा. वाक्य जुळत असेल तर ती वाट खरी.

याचं टोकाचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. संस्कृतमध्ये चित्रकाव्याची मोठी परंपरा आहे आणि माघ या कवीच्या शिशुपालवध या महाकाव्यात एकोणिसाव्या सर्गात, जो युद्धाचा सर्ग आहे, सर्वतोभद्र नावाचा बंध आहे, बंध म्हणजे अक्षरं ठरावीक आकृतीत बसतील अशी रचना. छापील पुस्तकात तो साध्या दोन ओळींत दिसतो:

सकारनानारकासकायसाददसायका ।
रसाहवावाहसारनादवाददवादना ॥

असा वाचला तर फक्त जीभ अडखळते. आता वहीत आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी करून मांडा:

स का र ना ना र का स
का य सा द द सा य का
र सा ह वा वा ह सा र
ना द वा द द वा द ना

प्रत्येक ओळ उलटी वाचली तरी तीच. पहिला उभा रकाना वरून खाली वाचा, स का र ना, पहिल्या ओळीचा निम्मा भाग तोच. दुसरा रकाना का य सा द, म्हणजे दुसरी ओळ. याच चार ओळी खाली उलट्या क्रमाने परत लिहिल्या की आठ बाय आठचा चौकोन होतो आणि कुठल्याही बाजूने शिरा, तेच शब्द समोर येतात. श्लोक आहे कशावर, तर युद्धाला आसुसलेल्या सैन्यावर, ज्यात वाहनांचे आवाज रणवाद्यांशी स्पर्धा करतात. आता आकार काहीतरी बोलायला लागतो, ज्या सैन्यावर कुठल्याही बाजूने चालून गेलं तरी समोर तीच फळी उभी दिसते असं सैन्य. हे श्लोकात शब्दांनी सांगितलेलं नाही, ते फक्त मांडणीत आहे, आणि दोन ओळींत छापल्यावर दिसतही नाही. म्हणून बंध असेल तर तो हाताने मांडून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता रूप मोडा

ही मुख्य पायरी आणि इथे वेळ द्या. मी उदाहरणासाठी एक छोटी गद्यकविता लिहिली आहे. तिच्यात ‘वळलो तर’ नंतर साधारण चार-पाच शब्दांएवढी रिकामी जागा आहे, तुमच्या स्क्रीनवर ती आखूड झाली असेल तर मनात धरा.

खोली रिकामी करताना पहिल्यांदा पुस्तकं निघाली मग कपडे मग भिंतीवरचं घड्याळ ज्याच्या मागे रंग जुनाच राहिला होता मग गादी मग पलंग मग पलंगाखालची धूळ मग धुळीत सापडलेलं एक बटण आणि हे कुणाचं असं विचारायला वळलो तर          मग दार ओढून घेतलं कुलूप लावलं किल्ली द्यायला खाली गेलो तेव्हा मालक म्हणाले सगळं नेलंत ना मी म्हणालो हो सगळं.

पहिली मोड: ओळी तोडा. हीच कविता नेहमीच्या मुक्तछंदासारखी लिहा.

खोली रिकामी करताना
पहिल्यांदा पुस्तकं निघाली
मग कपडे
मग भिंतीवरचं घड्याळ
ज्याच्या मागे
रंग जुनाच राहिला होता

दोन्ही मोठ्याने वाचा. ओळी तोडल्यावर घड्याळामागचा रंग एकदम हळवा झाला, नाही का, कारण त्याला स्वतःची ओळ मिळाली, तिच्यानंतर श्वास मिळाला, आणि वाचणारा तिथे आपोआप थांबतो. मूळ ठोकळ्यात मात्र तो रंग दिसतो आणि लगेच ‘मग गादी’ येऊन त्याला ढकलून देतं. म्हणजे सलग मांडणीने काय आणलं होतं ते आता सांगता येतं: बोलणारा माणूस कुठेही थांबायला तयार नाही. त्याला दिसतंय सगळं, पण तो सामान काढायचा वेग सोडत नाही. हे ‘मी स्वतःला थांबू दिलं नाही’ असं वाक्य कवितेत कुठेही नाही.

दुसरी मोड: पूर्णविराम घाला. ‘मग कपडे. मग घड्याळ. मग गादी.’ आता ती सामानाची यादी झाली, थंड, कुणीतरी टिकमार्क करत चाललंय अशी. मूळात विरामचिन्हं नव्हती म्हणून तो एकच लांब श्वास होता. आणि मग लक्षात येतं की मूळ कवितेत एकच पूर्णविराम आहे, ‘हो सगळं’ नंतर. सगळ्या मजकुरात एकदाच बोट ठेवून ‘संपलं’ म्हटलंय, आणि तेही नेमकं जे खरं नाही त्या वाक्यावर, कारण सगळं काही नेलेलं नाही हे आपण नुकतंच वाचलंय.

तिसरी मोड: रिकामी जागा बंद करा. ‘विचारायला वळलो तर मग दार ओढून घेतलं’. वाक्य मोडलं. ‘तर’ नंतर काहीतरी यायला हवं होतं, मागे कुणी नव्हतं असं काहीतरी, ते आलंच नाही. म्हणजे ती जागा डेकोरेशन नाही, व्याकरणच तिथे अपूर्ण आहे, आणि पांढरी जागा त्या न आलेल्या वाक्याच्या ठिकाणी बसली आहे. मला रिकाम्या जागेबद्दल कुणी काही सांगितलं तर मी पहिलं हेच बघतो, तिच्या आजूबाजूचं वाक्य तुटलंय का. तुटलं असेल तर तो अर्थ टिकतो. वाक्य दोन्हीकडे धडधाकट असेल आणि शब्दांत दुसरा कुठलाही आधार नसेल तर ती जागा कदाचित फक्त एक पॉज आहे आणि तिच्यावर फार वजन टाकायचं नाही.

आता पहिल्या मोडीकडे परत जा. ओळी तोडलेल्या आवृत्तीत प्रत्येक ओळीनंतर पांढरी जागा आहे, त्यामुळे ‘वळलो तर’ नंतरची जागा त्या गर्दीत हरवते. ठोकळ्यात ती एकटीच आहे म्हणून ती दिसते. गद्यकविता वाचताना ही गोष्ट फार कामाची आहे: पांढरी जागा किती मोठी आहे यापेक्षा त्या पानावर ती किती दुर्मिळ आहे यावर तिचं वजन ठरतं. म्हणून गद्यकवितेतला एक नवा परिच्छेद, एक कंस, एक डॅश हेसुद्धा मोठं असू शकतं, जे ओळीच्या कवितेत कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

आणि एकदा ती जागा दिसली की मागचं घड्याळ परत दिसतं. भिंतीवर घड्याळामागे रंग जुनाच राहिला होता, म्हणजे वस्तू गेली पण तिच्या आकाराची जागा भिंतीवर तशीच राहिली. पानावर मजकुराच्या मध्येही तसाच एक पट्टा कोरा राहिलाय. शब्दांनी आधी एक सांगून ठेवलं होतं आणि पानाने नंतर तेच करून दाखवलं. इथे शब्द आणि रूप एकमेकांना साक्ष देतात, आणि अशी साक्ष मिळाली की आपण काही लादत नाही आहोत याची खात्री पटते.

मोड करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. ओळीही तोडल्या, विरामही घातले आणि जागाही बंद केली तर काय कशामुळे गेलं ते कळणार नाही.

आकारकवितेत करायची अदलाबदल

ठरावीक आकृतीत लिहिलेल्या कवितेला अजून एक परीक्षा लावता येते. आकृतीतल्या दोन जागांवरचे शब्द मनात अदलाबदल करा. झाडाच्या आकारात झाडावरची कविता असेल आणि खोडातले शब्द फांदीत, फांदीतले खोडात टाकले तरी काही बिघडत नसेल तर आकृती ही चौकट आहे, अर्थ नाही. वाईट आहे असं नाही, बघायला सुंदर असू शकते, पण तिच्याबद्दल फार लिहायला जाऊ नका. शब्द हलवल्यावर कविता कोसळत असेल तर मात्र आकार काम करतोय.

जॉर्ज हर्बर्ट या इंग्रजी कवीची ‘ईस्टर विंग्ज’ ही कविता यासाठी बघण्यासारखी आहे. ती 1633 साली छापली गेली. दहा-दहा ओळींची दोन कडवी. पहिली ओळ साधारण 10 सिलॅबलची, मग 8, 6, 4, आणि पाचवी फक्त 2. सहावी परत 2, मग 4, 6, 8 आणि दहावी 10. पहिल्या कडव्यात काय घडतं तर देवाने माणसाला भरभरून दिलं, माणसाने मूर्खपणाने ते घालवलं, तो झिजत झिजत गेला आणि पाचव्या ओळीत, जिथे दोनच सिलॅबल उरलेत, तिथे शब्द येतात ‘मोस्ट पुअर’, अगदी दरिद्री. सहाव्या ओळीत, तितकीच आखूड, ‘विथ दी’, तुझ्यासोबत. तिथून ओळी वाढायला लागतात आणि बोलणारा म्हणतो मला चंडोलासारखं वर उडू दे. दुसरं कडवं मानवजातीवरून स्वतःवर येतं आणि पाचव्या ओळीत तिथे ‘मोस्ट थिन’ आहे, अगदी कृश, आणि सहावीत परत तेच ‘विथ दी’.

आता अदलाबदल करा. ‘मोस्ट पुअर’ पहिल्या लांब ओळीच्या जागी गेलं तर सगळं उलटंपालटं होतं. दारिद्र्य सांगणारी ओळ स्वतःच शब्दांनी दरिद्री आहे, आणि ‘तुझ्यासोबत’ ही ओळ अजून तेवढीच आखूड आहे, म्हणजे देवाची सोबत माणूस सावरल्यावर मिळत नाही, सगळ्यात खाली असतानाच मिळते आणि मग वाढ सुरू होते. ही गोष्ट कवितेत उपदेशासारखी कुठे सांगितलेली नाही, दोन आखूड ओळी शेजारी शेजारी ठेवून ती दाखवलेली आहे. माझ्या मते या कवितेतली सगळ्यात मोठी गोष्ट पंखांची आकृती नाहीच, ती हीच शेजार आहे.

इथे एडिशनची गोष्ट परत येते. 1633 च्या पुस्तकात ही दोन कडवी समोरासमोरच्या दोन पानांवर उभी छापली आहेत, म्हणजे पुस्तक सरळ धरलं की पंख दिसतात पण वाचायचं तर पुस्तक आडवं करावं लागतं. आजच्या बऱ्याच पुस्तकांत ती आडव्या ओळींत छापतात आणि मग कुणाला ती वाळूच्या घड्याळासारखी दिसते. मग पुस्तक फिरवण्यालाच मोठा अर्थ द्यायचा का? मी सावध राहीन, कारण पुस्तक छापून आलं त्याआधीच हर्बर्ट वारला होता, छपाई त्याच्या नजरेखाली झाली नव्हती. ओळींची लांबी मात्र त्याच्या छंदातच आहे, कुठल्याही एडिशनमध्ये ती बदलत नाही. म्हणून आपला अर्थ ओळींच्या लांबीवर उभा करायचा आणि पान फिरवण्याची गोष्ट जोड म्हणून सांगायची.

कानाने तपासा

एवढं झाल्यावर पान न बघता कविता कुणाकडून तरी ऐका किंवा स्वतः रेकॉर्ड करून ऐका. आकाराचं काय उरतं ते ऐकायचंय. हर्बर्टच्या कवितेत बरंच उरतं, ओळी आखूड होतात ते कानाला कळतं, यमकं लवकर लवकर यायला लागतात. म्हणजे तिथे आकार डोळ्याचा आणि कानाचा दोघांचा आहे.

याच्या उलट ऑयगेन गोमरिंगरची 1950 च्या दशकातली एक कविता बघा. त्यात एकच शब्द आहे, ‘सिलेन्सियो’, स्पॅनिशमध्ये शांतता. तीन रकाने आणि पाच ओळी, म्हणजे पंधरा जागा, पण शब्द आहे चौदा वेळा. नेमकी मधली जागा कोरी. कानाने ऐकली तर एक माणूस तोच शब्द परत परत म्हणतोय एवढंच कळेल, मध्ये तो थोडा थांबला असेल तर तेवढं. डोळ्याने बघितलं की कळतं, शांतता हा शब्द चौदा वेळा आवाज करतोय आणि खरी शांतता आहे ती जिथे शब्द नाही तिथे. इथे रूप मोडायचं म्हणजे पंधरावा शब्द त्या जागेत लिहायचा. लिहून बघा, कविता तिथल्या तिथे संपते, नुसता शब्दांचा तक्ता उरतो.

अर्थ लिहिताना

वर्गासाठी असो, लेखासाठी किंवा स्वतःच्या वहीसाठी, आकाराबद्दलच्या प्रत्येक वाक्यात तीन गोष्टी यायला हव्यात: पानावर काय दिसतं, त्याच जागी शब्द काय म्हणतात, आणि दोन्ही एकत्र आल्यावर काय कळतं जे एकट्याने कळलं नसतं. आपल्या गद्यकवितेबद्दल तसं लिहायचं तर: "विरामाशिवाय धावणाऱ्या मजकुरात एकच रिकामी जागा आहे, ती ‘विचारायला वळलो तर’ नंतर वाक्य अर्धं सोडून येते, त्यामुळे ज्याला विचारायचं ते माणूस आता नाही हे बोलणाऱ्याच्या तोंडून न येता कळतं, आणि लगेच ‘मग’ने यादी परत सुरू होते तेव्हा तो हे बोलणार नाही हेही कळतं." तीनपैकी एक गोष्ट गाळली की वाक्य लंगडं होतं. दिसणं गाळलं तर तो नेहमीचा भावार्थ, शब्द गाळले तर नुसता अंदाज.

आणि ज्या तुरुंगाने सुरुवात केली त्याच्यासाठी एक तपासणी: तुमचं वाक्य वर्तमानपत्रातल्या कुठल्याही बातमीच्या रकान्याला लागू पडतं का बघा. ‘मजकूर चौकोनात कोंडलेला आहे, त्यामुळे घुसमट जाणवते’ हे सगळ्याच परिच्छेदांबद्दल म्हणता येतं, सगळे परिच्छेद चौकोनीच असतात. मग ते या कवितेचं वाचन नाही. पण कवितेतच दार उघडत नाही, वाक्य संपत नाही, तोच शब्द फिरून फिरून कडेला येतो असं काही असेल आणि ते कुठल्याही एडिशनमध्ये टिकत असेल तर चौकोनाचा मुद्दा जरूर मांडा.

शेवटी, ज्यांना पान दिसत नाहीये अशा लोकांना ही कविता वाचून दाखवायची असेल, तर आधी मांडणी दोन वाक्यांत सरळ सांगा, न वाचता बघताना लिहिलेलं टिपण इथे आयतं कामाला येतं. मग वाचा. रिकाम्या जागेपाशी आवाज खाली आणून वाक्य संपवल्यासारखं करू नका, ‘तर’ वर आवाज वरच ठेवून थांबा, आणि पुढचं ‘मग’ आधीच्या वेगानेच उचला.